अराट्टाई नंबर वन झालं, मग आपल्या फोनमध्ये व्हॉट्सअॅपच का उरलं?

सप्टेंबर 2025 च्या शेवटच्या आठवड्यात तुमच्याही फोनवर एक नोटिफिकेशन आलं असेल. कुणीतरी ओळखीचं 'अराट्टाई'वर जॉइन झालं होतं. झोहो या चेन्नईच्या कंपनीचं हे मेसेजिंग अॅप. नावाचा तमिळमधला अर्थ गप्पाटप्पा. खरं तर ते जानेवारी 2021 पासून उपलब्ध होतं, पण साडेचार वर्षं फारसं कुणाला माहीत नव्हतं. अमेरिकेच्या टॅरिफमुळे 'स्वदेशी'ची चर्चा तापली, केंद्रीय मंत्र्यांनी अॅप वापरा असं जाहीरपणे सांगितलं आणि रोजचे साइन-अप तीन दिवसांत 3,000 वरून 3,50,000 वर गेले. हा आकडा झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनीच दिला. अॅपल अॅप स्टोअरच्या सोशल नेटवर्किंग विभागात अराट्टाई पहिल्या नंबरवर पोहोचलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तेच अॅप दोन्ही स्टोअरच्या टॉप 100 यादीतूनही बाहेर पडल्याच्या बातम्या आल्या.

सोशल मीडियावर लगेच दोन गट पडले. एक म्हणाला, "बघा, भारतीय अॅप टिकतच नाही." दुसरा म्हणाला, "लोकांनाच देशाचं काही पडलेलं नाही." मला दोन्ही उत्तरं आळशीपणाची वाटतात. मी सॉफ्टवेअर बनवून पोट भरतो, आणि या सगळ्यात मला रस आहे तो वेगळ्याच प्रश्नात: ज्या बाजारात एकच मोठा खेळाडू बसलाय, भारतात ज्याचे 50 कोटींहून जास्त वापरकर्ते आहेत, तिथे नव्या माणसाने शिरायचं तरी कसं? मार्केटिंगवाले अशा नवख्याला 'चॅलेंजर ब्रँड' म्हणतात. चॅलेंजर कुठे हरतो आणि कुठे जिंकतो हे समजायला मेसेजिंगसारखं दुसरं उदाहरण नाही.

रँकिंग म्हणजे काय मोजतात?

आधी 'नंबर वन'चा अर्थ समजून घेऊ. अॅप स्टोअरची टॉप यादी बघून आपल्याला वाटतं की सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अॅप वर असणार. तसं नसतं. ही यादी मुख्यतः गेल्या काही तासांत किंवा दिवसांत अॅप किती वेगाने डाउनलोड होतंय ते दाखवते. व्हॉट्सअॅप बहुतेकांच्या फोनमध्ये आधीच आहे, त्यामुळे त्याची नवी डाउनलोड तुलनेने कमीच असणार. नवं अॅप चार दिवस जोरात डाउनलोड झालं की ते व्हॉट्सअॅपच्या वर दिसू शकतं. प्रत्यक्ष वापरात ते कितीही मागे असलं तरी.

आता थोडं गणित करू. रोज साडेतीन लाख हा वेग प्रचंड आहे. पण समजा तो एकही दिवस कमी न होता तसाच राहिला, तरी 50 कोटींपर्यंत पोहोचायला 1,400 हून जास्त दिवस लागतील. म्हणजे जवळपास चार वर्षं. आणि बातमीने आलेली लाट चार वर्षं टिकत नसते. ती दोन-तीन आठवड्यांत ओसरते, हे सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणून रँकिंग घसरणं ही फार मोठी बातमी नव्हती. जे आले त्यांनी तिथे काय केलं, ही खरी बातमी होती. आणि बहुतेकांनी एकच गोष्ट केली: अॅप उघडलं, एक-दोघांना "हाय, मीपण आलो" लिहिलं, आणि मग घरच्या ग्रुपवर काय आलंय ते बघायला परत व्हॉट्सअॅप उघडलं.

बारा जणांच्या ग्रुपचं गणित

असं का होतं? कारण मेसेजिंग अॅप एकटा माणूस बदलू शकत नाही. कॅमेरा अॅप बदलायचं असेल तर मी आत्ता बदलेन, कुणाला विचारायची गरज नाही. ब्राउझरचंही तसंच. पण चॅट अॅप बदलायला समोरचाही तिथे लागतो, आणि ग्रुप असेल तर सगळेच लागतात.

समजा तुमच्या घरच्या ग्रुपवर 12 जण आहेत. आणि समजा नवं अॅप इतकं लोकप्रिय झालंय की निम्म्या देशाने ते घेतलंय. म्हणजे कुणाही एका माणसाकडे ते असण्याची शक्यता 50 टक्के. मग बाराच्या बारा जणांकडे ते असण्याची शक्यता किती? पायथन उघडून बघा:

```
>>> round(0.5 ** 12, 4)
0.0002
>>> round(0.9 ** 12, 4)
0.2824
>>> round(0.98 ** 12, 4)
0.7847
```

निम्मा देश आला तरी पूर्ण ग्रुप हलण्याची शक्यता 4,096 मध्ये एक. 90 टक्के लोक आले तरी चारातल्या तीन ग्रुपांत कुणीतरी एक मागे राहिलेला असणार. आणि तो एक म्हणजे बहुतेक वेळा आजी किंवा गावाकडचे काका, ज्यांच्यासाठी तो ग्रुप मुळात बनवलेला असतो. त्यांना सोडून ग्रुप हलत नाही. म्हणून अकरा जणांकडे नवं अॅप असूनही गप्पा जुन्याच अॅपवर होतात.

यालाच नेटवर्क इफेक्ट म्हणतात. "जास्त लोक असतात तिथे जास्त फायदा" एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण चॅलेंजरसाठी त्याचा खरा त्रास असा की अर्धवट यशाची किंमत जवळजवळ शून्य असते. साबणाच्या नव्या ब्रँडने बाजाराचा दोन टक्के हिस्सा घेतला तर त्याला दोन टक्के विक्री मिळते. चॅट अॅपने दोन टक्के लोक मिळवले, आणि ते देशभर विखुरलेले असले, तर बारा जणांच्या चार ग्रुपांमागे जेमतेम एक माणूस येतो. तो माणूस बोलणार कुणाशी?

पण या गणितात एक गृहीतक दडलेलं आहे, आणि चॅलेंजरची सगळी आशा तिथेच आहे. मी धरून चाललो की प्रत्येक जण स्वतंत्रपणे, नाणं उडवून ठरवतो. प्रत्यक्षात माणसं तशी वागत नाहीत. हॉस्टेलच्या एका मजल्यावर एकाने घेतलं की आठवड्यात सगळा मजला घेतो. ऑफिसात मॅनेजरने सांगितलं की एका दिवसात टीम हलते. म्हणजे देशभर पसरलेल्या दहा लाख लोकांपेक्षा, एकमेकांशी रोज बोलणारे दहा हजार लोक चॅलेंजरला जास्त उपयोगाचे. टीव्हीवरच्या बातमीने विखुरलेले लोक मिळतात. खरी मेहनत पूर्ण घोळके मिळवण्यात असते.

व्हॉट्सअॅप स्वतः नवखं होतं तेव्हा

आज राजा असलेलं व्हॉट्सअॅप 2009 मध्ये आलं तेव्हा चॅलेंजरच होतं. समोर होता एसएमएस, आणि तो तर प्रत्येक फोनमध्ये आधीपासून होता. मग व्हॉट्सअॅप कसं जिंकलं?

तुमच्यापैकी अनेकांनी एसएमएस पॅकचा काळ पाहिला नसेल. महिन्याचा पॅक मारायचा, मग स्वस्तात मेसेज जायचे. पण दिवाळी, नववर्ष अशा दिवशी पॅक चालायचा नाही! कंपन्या त्याला 'ब्लॅकआउट डे' म्हणायच्या. नेमकं ज्या दिवशी सगळ्यांना शुभेच्छा पाठवायच्या असत, त्या दिवशी प्रत्येक मेसेजला पूर्ण दर लागायचा. त्यात सप्टेंबर 2011 मध्ये ट्रायने जाहिरातींचे मेसेज रोखण्यासाठी एका सिमवरून दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली. काही आठवड्यांनी ती 200 केली. कॉलेजातल्या पोरांना ती मर्यादा चांगलीच टोचली.

आता बघा, टेलिकॉम कंपन्यांना व्हॉट्सअॅप दिसत नव्हतं का? दिसत होतं. त्या एसएमएस फुकट करू शकल्या नसत्या का? तांत्रिकदृष्ट्या सहज. पण एसएमएस हा त्यांच्या कमाईचा भाग होता. नवख्याला हरवायला स्वतःच्याच गल्ल्यावर पाणी सोडावं लागलं असतं. त्यामुळे दुखणं कुठे आहे ते समजत असूनही त्या हातावर हात ठेवून बसल्या.

चॅलेंजरच्या डावपेचातला हा सगळ्यात मोठा धडा आहे. मोठ्यापेक्षा 'चांगलं' असणं पुरत नाही. मोठ्याला कॉपी करायला स्वतःचं नुकसान होईल, असं काहीतरी द्यावं लागतं. 2016 मध्ये जिओने व्हॉइस कॉल फुकट केले, त्यामागेही हेच होतं. जुन्या कंपन्यांचा मोठा महसूल कॉलमधूनच येत होता. त्यांना तो दर शून्यावर आणणं जिओइतकं सोपं नव्हतं, कारण जिओकडे गमावण्यासारखा जुना महसूल नव्हताच.

व्हॉट्सअॅपने आणखी एक हुशारी केली. तिने रिकाम्या घरातून सुरुवात केली नाही. तेव्हाच्या चॅट सेवांमध्ये युजरनेम घ्या, मित्र शोधा, रिक्वेस्ट पाठवा असा सगळा उद्योग असायचा. व्हॉट्सअॅपने सरळ मोबाइल नंबरच ओळख मानला आणि फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट वाचली. अॅप उघडलं की तिथे आधीच आलेले मित्र समोर दिसायचे. शिवाय ते आयफोन-अँड्रॉइडपुरतं थांबलं नाही, नोकियाच्या साध्या फोनवरही चालायचं. आपल्याकडे तेव्हा हातोहाती नोकियाच होते. म्हणजे ग्रुपमधला 'मागे राहिलेला बारावा माणूस' कोण असेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

फीचरची लढाई: हाइकचं काय झालं

"मग अराट्टाईने भारी फीचर द्यावेत की!" असं म्हणणाऱ्यांसाठी हाइकची गोष्ट.

कविन भारती मित्तल यांचं हाइक मेसेंजर डिसेंबर 2012 मध्ये आलं. त्यांनी रिकाम्या घराचा प्रश्न बऱ्यापैकी ओळखला होता: समोरच्याकडे हाइक नसलं तरी हाइकमधून त्याला फुकट एसएमएस पाठवता यायचा. भारतीय भाषांतले स्टिकर होते, चॅट लपवायची सोय होती, इंटरनेटशिवाय जवळच्या फोनवर फाइल पाठवता यायची. तरुणांना ते आवडलं. 2016 मध्ये हाइकने 10 कोटी वापरकर्त्यांचा टप्पा जाहीर केला. त्याच वर्षी टेन्सेंट आणि फॉक्सकॉन यांच्यासारख्यांकडून मोठी गुंतवणूक आली आणि कंपनीची किंमत एक अब्ज डॉलरच्या वर गेली.

जानेवारी 2021 मध्ये हाइक मेसेंजर बंद झालं.

दहा कोटी हा आकडा लहान नव्हता. पण हाइकची सगळ्यात लाडकी गोष्ट, म्हणजे स्टिकर, कॉपी करायला व्हॉट्सअॅपचं काहीच जाणार नव्हतं. ना महसूल बुडणार होता, ना कुठला ग्राहक रागावणार होता. ऑक्टोबर 2018 मध्ये व्हॉट्सअॅपने स्टिकर आणले आणि हाइक उघडण्याचं एक मोठं कारण संपलं. मोठ्याला जे सहज उचलता येतं, त्याने चॅलेंजरला थोडा वेळ मिळतो, पण जागा मिळत नाही.

या कसोटीवर अराट्टाईची फीचर तपासून बघा. जुन्या फोनवर आणि कमी नेटवर्कवर चालणं, टीव्हीवर अॅप, मीटिंगची वेगळी सोय, स्वतःच्या नोट्ससाठी 'पॉकेट'. सगळं उपयोगी आहे. पण यातलं काय असं आहे की जे करायला मेटाचा हात अडखळेल? मला तरी एकच दिसतं: जाहिराती दाखवणार नाही हे वचन. व्हॉट्सअॅपने जून 2025 मध्ये अपडेट्स टॅबमध्ये जाहिराती आणायचं जाहीर केलं. मेटाचा धंदाच जाहिरातींचा, त्यामुळे ती हे वचन देऊ शकत नाही. गोम अशी की ही जाहिरात अजून आपल्या खासगी चॅटच्या मध्ये येत नाही, त्यामुळे दुखणं फारसं जाणवतच नाही. एसएमएसच्या ब्लॅकआउट डेसारखा चिमटा बसत नाही. चिमटा बसल्याशिवाय माणूस घर बदलत नाही.

जे शिरले, ते कसे शिरले

व्हॉट्सअॅप असतानाही आपल्या फोनमध्ये जागा मिळवलेली अॅप आहेतच. टेलिग्राम घ्या. पुण्यात एमपीएससीची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा: चालू घडामोडींच्या पीडीएफ, प्रश्नपत्रिका, नोट्स कुठे मिळतात? टेलिग्राम चॅनेलवर. घरी बोलायला मात्र व्हॉट्सअॅपच.

टेलिग्रामने "व्हॉट्सअॅप सोडा" असा हट्ट न धरताच आपल्याकडे जागा केली. व्हॉट्सअॅपला जे जमत नव्हतं ते एक काम त्याने उचललं: एकाने पाठवायचं, हजारोंनी वाचायचं, मोठ्या फाइल, आणि नंतर आलेल्यालाही जुनं सगळं दिसतं. या कामात बारा जणांचं गणित लागूच होत नाही. चॅनेल चालवणारा एक माणूस तिथे गेला की वाचणारे आपोआप मागे जातात, आणि वाचणाऱ्यांनी एकमेकांना ओळखायचीही गरज नसते. व्हॉट्सअॅपने सप्टेंबर 2023 मध्ये भारतात आपले चॅनेल आणले. पण तोवर नोट्सचा ढीग आणि सवय दोन्ही टेलिग्रामकडे जमा झालं होतं.

दुसरं उदाहरण मायगेटचं. बंगळुरूत 2016 मध्ये सुरू झालेलं हे अॅप आज पुण्या-मुंबईच्या अनेक सोसायट्यांत आहे. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आधीपासून होताच, तरी मायगेट शिरलं, कारण त्याने गप्पांना हात न लावता गेटवरचं काम घेतलं. डिलिव्हरीवाला खाली आला की वॉचमन नोंद करतो आणि तुमच्या फोनवर परवानगी मागितली जाते. अॅप नसेल तर तुमचंच पार्सल खोळंबतं. आणि अॅप घ्यायचं की नाही हे 80 फ्लॅटवाल्यांनी वेगवेगळं ठरवलं नाही. कमिटीने एका मीटिंगमध्ये ठरवलं, सगळी सोसायटी एकदम आली.

दोन्ही उदाहरणांत एकच सूत्र आहे: अशी जागा शोधा जिथे एका माणसाच्या किंवा एका कमिटीच्या निर्णयाने पूर्ण घोळका हलतो, आणि तिथलं असं काम उचला जे मोठ्या अॅपमध्ये नीट होत नाही. जुनं अॅप काढायला सांगायची गरजच नसते. फोनमध्ये दोन अॅप ठेवायला कुणाचीच हरकत नसते.

गंमत म्हणजे या नियमातून व्हॉट्सअॅपही सुटलं नाही. पेमेंटमध्ये ते चॅलेंजर आहे. 50 कोटी लोकांच्या फोनमध्ये आधीच बसलेलं अॅप, त्यात यूपीआय. तरी दुकानात आपण फोनपे किंवा गुगल पेच उघडतो. सुरुवातीला व्हॉट्सअॅप पेवर किती वापरकर्ते घ्यायचे याचं एनपीसीआयचं बंधन होतं. ते 31 डिसेंबर 2024 ला पूर्ण उठलं, तरी चित्र फारसं बदललं नाही. यूपीआयचे 80 टक्क्यांच्या आसपास व्यवहार अजूनही त्या दोन अॅपकडेच आहेत. कारण साधं आहे: जे चाललंय त्यात आपल्याला काही दुखत नाही.

अराट्टाईच्या हातातले पत्ते

मग अराट्टाईने काय करावं? पत्ते आहेत, पण आधी जे अंगावर आलं ते बघू.

पहिलं म्हणजे वेळ चुकली, आणि ती त्यांच्या हातात नव्हती. वेंबूंनी सांगितलं होतं की नोव्हेंबरमध्ये मोठी रिलीज, जास्त सर्व्हर आणि प्रचार असं सगळं ठरलं होतं. लाट त्याआधीच आली. शंभरपट ट्रॅफिक तीन दिवसांत वाढलं की काय होतं, हे बॅकएंडवर काम केलेल्या कुणालाही विचारा. ओटीपी उशिरा येतो, कॉन्टॅक्ट सिंक अडकतं. आणि नव्या अॅपला माणूस दुसरी संधी क्वचितच देतो. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसी पॉलिसीवरून लोक सिग्नलकडे धावले तेव्हा सिग्नलचीही सेवा एक दिवस कोलमडली होती.

दुसरं, एन्क्रिप्शन. सप्टेंबरमध्ये अराट्टाईचे कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होते, पण साधे चॅट नव्हते. चॅलेंजरसाठी हा खड्डा वाईट असतो. हे फीचर असल्याने नवे लोक येत नाहीत, पण नसेल तर टीकाकारांना आयतं कारण मिळतं. आणि ते मागाहून घालणं सोपं नसतं. सर्व्हरला मेसेज वाचता येत असतील तर पाच डिव्हाइसवर हिस्टरी दाखवणं, सर्च, बॅकअप हे सगळं सर्व्हर करतो. एन्क्रिप्शन आलं की किल्ल्या फक्त फोनमध्ये राहतात. मग नवा फोन घेतल्यावर जुने मेसेज कसे दाखवायचे, लॅपटॉपला किल्ली कशी द्यायची, जुनं व्हर्जन वापरणाऱ्याचं काय करायचं, सगळं पुन्हा बांधावं लागतं. झोहोने नोव्हेंबर 2025 मध्ये दोघांमधल्या चॅटपासून ते द्यायला सुरुवात केली. काम चांगलं झालं, पण लाट ओसरल्यावर.

आता पत्ते. पहिला पत्ता वेळ. झोहोने बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा घेतलेला नाही, बाकीची उत्पादनं कमाई करतात. कू आठवतं? 2021 मध्ये ट्विटर आणि सरकारच्या वादात मंत्री तिथे गेले, अगदी अशीच लाट आली. पण कू गुंतवणूकदारांच्या पैशावर चालत होतं. तो आटला, कंपनी विकायचे प्रयत्न फसले आणि जुलै 2024 मध्ये ते बंद झालं. अराट्टाई पाच वर्षं संथ वाढलं तरी झोहोला परवडेल.

दुसरा पत्ता घोळक्यांचा. झोहोचे ग्राहक मुळात धंदेवाले आणि ऑफिसं. केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचं ईमेल झोहोच्या यंत्रणेवर गेलंय. हे 12 लाख लोक एकेक करून पटवलेले नाहीत, एका निर्णयाने आले. माझ्या मते अराट्टाईने घरच्या ग्रुपचा नाद आत्ता सोडावा आणि जिथे झोहो आधीच बसलंय तिथून सुरुवात करावी: दुकानदार आणि त्याचे ग्राहक, क्लास आणि त्याचे पालक, छोटी कंपनी आणि तिचे डिलिव्हरीवाले. बिल झोहोमध्ये बनतं, ते चॅटमध्ये सरळ पोहोचावं. मोठ्या व्यवसायांना व्हॉट्सअॅपवर असे मेसेज पाठवायला पैसे मोजावे लागतात, आणि मेटाची ती कमाई आहे. म्हणजे इथे चिमटाही आहे आणि मेटाला कॉपी करणंही महागात जाईल.

तिसरा पत्ता टेबल उलटवण्याचा. वेंबूंनी म्हटलंय की मेसेजिंगचे प्रोटोकॉल यूपीआय किंवा ईमेलसारखे खुले असावेत, आणि त्यासाठी ते आयस्पिर्टशी बोलत आहेत. तसं झालं तर तुम्ही अराट्टाईवरून लिहाल आणि आजीला ते व्हॉट्सअॅपवर दिसेल. बारा जणांचं गणितच मोडेल. पण व्हॉट्सअॅप स्वतःहून दार उघडणार नाही. युरोपात कायद्याने भाग पाडलं तेव्हा त्यांनी नोव्हेंबर 2025 मध्ये बर्डीचॅट आणि हायकेट या दोन छोट्या अॅपना जोडून घ्यायचं जाहीर केलं. आपल्याकडे तसा कायदा नाही. आणि दार उघडलं तरी सवय उरतेच, हे यूपीआयमध्ये आपण पाहिलंच.

तुम्हाला कसं कळेल?

पुढच्या वेळी एखादं अॅप 'व्हॉट्सअॅपला टक्कर' देतंय अशी बातमी आली की डाउनलोडचा आकडा सोडून द्या. स्वतःच्या फोनमध्ये तीन गोष्टी बघा. एक, नोटिफिकेशन कशाचं येतंय: "अमुक जॉइन झाला" याचं, की कुणी खरंच तुम्हाला काही लिहिल्याचं? पहिलं म्हणजे गर्दी, दुसरं म्हणजे वापर. दोन, महिन्याभराने ते अॅप तुम्ही स्वतःहून उघडलंत का, आणि कोणत्या कामासाठी? काम सांगता आलं नाही तर अॅप लवकरच स्टोरेज रिकामं करताना उडणार. तीन, एखादा तरी पूर्ण ग्रुप तिथे आहे का? हॉस्टेलचा, क्लासचा, दुकानाचा, कुठलाही. दहा जण विखुरलेले असण्यापेक्षा पाच जणांचा एक चालू ग्रुप जास्त सांगून जातो.

माझ्या फोनमध्ये अराट्टाई अजून आहे. त्यात 60 च्या वर कॉन्टॅक्ट दिसतात आणि ग्रुप एकही नाही. ज्या दिवशी माझा दूधवाला किंवा सोसायटीचा सेक्रेटरी महिन्याचा हिशोब त्यावर पाठवेल, त्या दिवशी मी मान्य करेन की चॅलेंजर आत शिरला.